विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट एकेक ओळ मर्यादेशी ताडून कसा वाचला

जुलै २०२४ मध्ये आम्ही सिन्नर तालुक्यातल्या आमच्या घरच्या विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून घेतलं. कारण असं झालं की वहिनी माहेरी बाळंत झाली होती आणि सव्वा महिन्यानंतर बाळाला घेऊन घरी येणार होती. बाळाला थोडं वरचं दूध म्हणजे पावडरचं दूध द्यावं लागत होतं. तिथल्या डॉक्टरांनी दादाला सरळच विचारलं, पावडर कुठल्या पाण्यात कालवणार? विहिरीचं असेल तर आधी टेस्ट करा, आणि नायट्रेट नक्की बघा. आमची विहीर आजोबांच्या वेळची, सात परस खोल, घराला लागूनच. सगळे तेच पाणी पीत मोठे झालो, त्यामुळे आईला आधी हे थोडं लागलं. पण बाळाचा विषय निघाल्यावर तीच म्हणाली, करा बाई लवकर, उगाच शंका नको.

सॅम्पल घेण्याबद्दल आधी सांगते, कारण सॅम्पलच चुकीचं गेलं तर पुढचा रिपोर्ट कितीही नीट वाचला तरी उपयोग नाही. लॅबने दोन वेगळ्या बाटल्या दिल्या. एक साधा दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन, रासायनिक तपासणीसाठी, तो त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळायचा आणि मग गळ्यापर्यंत भरायचा. दुसरी छोटी बाटली जंतूंच्या तपासणीसाठी, ती निर्जंतुक केलेली असते आणि आत चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारायला. ही बाटली अजिबात विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही आणि वर इंचभर जागा मोकळी ठेवायची म्हणजे लॅबला ती हलवता येते. आम्ही मोटर पाच मिनिटं चालू ठेवली, पाईपमधलं साचलेलं पाणी जाऊ दिलं, नळाचं तोंड पुसून घेतलं आणि मग भरलं. त्याआधी पंधरा दिवस विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली नव्हती हे मुद्दाम पाळलं, नाहीतर जंतू मेलेले असतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

८ जुलैला सोमवारी सकाळी सॅम्पल घेतलं आणि थर्मासच्या डब्यात बर्फ घालून दादा नाशिकला निघाला. जंतूंचं सॅम्पल शक्यतो सहा तासांत आणि कसंही झालं तरी चोवीस तासांच्या आत पोचायला हवं, म्हणून शनिवारी संध्याकाळी घेऊन ठेवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सरकारी लॅबमध्येही फी भरून खासगी विहिरीचं पाणी तपासून मिळतं, ते स्वस्तही पडतं, पण आम्हाला बाळ यायच्या आत हवं होतं म्हणून एका खासगी एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये दिलं. रासायनिकचे १,२०० आणि जंतूंचे ६००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,१२४ रुपये. फॉर्ममध्ये 'पाणी कशासाठी' असा रकाना असतो, तिथे 'पिण्यासाठी, आयएस १०५००:२०१२ प्रमाणे' असं पूर्ण लिहा, हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे. बांधकामासाठी किंवा शेतीसाठी म्हणून गेलं तर मर्यादाच वेगळ्या छापून येतात. विहीर की बोअर, किती खोल, जवळ काय आहे, हेही विचारतात, ते खरं खरं लिहावं, आमच्या बाबतीत पुढे तेच कामाला आलं.

जंतूंची तपासणी ते लॅबमध्ये वाढवून करावी लागते त्यामुळे आठवडा लागेल असं सांगितलं होतं. १६ जुलैला पीडीएफ आली. दोन पानं, इंग्रजीत, वीसेक ओळी आणि खाली एक वाक्य की तपासलेले घटक अमुक अमुक सोडून परमिसिबल लिमिटच्या आत आहेत. त्या अमुक अमुक मध्ये फक्त जंतूंचा उल्लेख होता. दादाने ते वाक्य वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, चला जंतूंचं टीसीएलने होईल, बाकी ठीक आहे. मी मात्र डॉक्टरांचं नायट्रेट डोक्यात ठेवून पहिल्या पानावर परत गेले आणि एकेक ओळ बघायला लागले.

रिपोर्टमध्ये प्रत्येक घटकासमोर आपल्या पाण्याचा आकडा असतो आणि त्याच्यासमोर मर्यादेचे दोन कॉलम असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिला 'अ‍ॅक्सेप्टेबल लिमिट', दुसरा 'परमिसिबल लिमिट'. आणि दुसऱ्या कॉलमचं नाव तिथेच संपत नाही, पूर्ण नाव 'परमिसिबल लिमिट इन द अ‍ॅबसेन्स ऑफ अल्टरनेट सोर्स' असं आहे, म्हणजे दुसरं पाणी मिळण्याची सोयच नसेल तर इथपर्यंत चालवून घ्या. बऱ्याच रिपोर्टवर जागा नसते म्हणून शेवटचे शब्द गाळलेले असतात. मूळ मानकात स्पष्ट लिहिलंय की पहिल्या कॉलमच्या वर गेलेलं पाणी योग्य नाही, पर्याय नसेल तर दुसऱ्या कॉलमपर्यंत सहन करता येतं, आणि त्याच्याही वर गेलं तर तो स्रोत सोडून द्यायचा. म्हणजे 'परमिसिबलच्या आत' याचा अर्थ 'पास' असा नाही, त्याला एक अट जोडलेली आहे. आणि काही घटकांना तर दुसऱ्या कॉलममध्ये आकडाच नसतो, तिथे 'नो रिलॅक्सेशन' लिहिलेलं असतं, त्यांना पहिल्या कॉलमचीच मर्यादा, त्यापुढे सूट नाही. म्हणून मी सगळ्यात आधी पेन्सिलीने 'नो रिलॅक्सेशन'वाल्या ओळींवर खूण केली. आमच्या रिपोर्टमध्ये त्यात पीएच, नायट्रेट, लोह आणि शिसं होतं. जंतूंचा तक्ता दुसऱ्या पानावर वेगळा होता, पण नियम तोच, सूट नाही.

पहिलं वाचलं ते जंतूंचं, कारण आजारी पडायला तेवढं एक पुरेसं असतं. नियम सोपा आहे, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आणि कॉलिफॉर्म दोन्ही सापडता कामा नयेत. आमचं टोटल कॉलिफॉर्म ३३ आणि ई. कोलायसमोर 'आढळले'. कॉलिफॉर्म मातीतून, पाल्यापाचोळ्यातूनही येऊ शकतं, पण ई. कोलाय म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा कुठूनतरी पाण्यापर्यंत पोचते आहे, त्याला दुसरा अर्थ नाही. पहिल्या पावसानंतर लगेच सॅम्पल घेतलं होतं आणि वरून वाहत आलेलं पाणी त्याच वेळी विहिरीत उतरतं, म्हणजे वर्षातल्या वाईट दिवसांतलं चित्र आम्हाला मिळालं. विहिरीचं पाणी एकदाच तपासायचं असेल तर याच दिवसांत तपासा असं मी म्हणेन. उन्हाळ्यातला चांगला रिपोर्ट पावसाळ्याबद्दल काही सांगत नाही.

मग एक मोठा गट, ज्याच्याकडे बघून घाबरायला होतं पण तेवढं घाबरायचं कारण नसतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ८३० मिलिग्रॅम प्रति लिटर, पहिल्या कॉलममध्ये ५००, दुसऱ्यात २,०००. टोटल हार्डनेस ४८०, मर्यादा २०० आणि ६००. अल्कलिनिटी ३६०, तिलाही २०० आणि ६००. कॅल्शियम ९६ (७५ आणि २००), मॅग्नेशियम ५८ (३० आणि १००). सगळे पहिल्या मर्यादेच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली. ही खरं तर एकाच गोष्टीची पाच नावं आहेत. आपला काळा बेसाल्ट खडक, त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं आणि जड होतं. डाळ शिजायला वेळ, साबणाला फेस नाही, पातेल्याला पांढरा थर, हे आई वर्षानुवर्षं सांगतेच आहे, रिपोर्टने त्याला फक्त आकडा दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या याने मुतखडा होतो, पण जड पाण्यामुळे मुतखडा होतोच असं ठाम म्हणता येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे या गटाला मी 'गैरसोय' म्हणून बाजूला ठेवलं.

पीएच ७.६ (६.५ ते ८.५ च्या मध्ये हवा), गढूळपणा ०.८ (मर्यादा १), सल्फेट ६२ (२००), फ्लोराईड ०.६ (१.०), यांना एकेक बरोबरची खूण करून पुढे गेले. फ्लोराईडचा त्रास आमच्याकडे नव्हता, पण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागातल्या कोणी हे वाचत असेल तर तुमच्यासाठी ती ओळ सगळ्यात वर घ्या, १.५ च्या वर गेलं की दातांवर डाग आणि पुढे हाडांपर्यंत त्रास जातो.

इथे थांबून मी रिपोर्ट स्वतःशी जुळतो का ते बघितलं. याला केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही, दोन गणितं पुरतात. एक, कॅल्शियम गुणिले २.५ अधिक मॅग्नेशियम गुणिले ४.१ हे टोटल हार्डनेसच्या जवळ यायला हवं. आमचं ९६ × २.५ = २४० आणि ५८ × ४.१ = २३८, बेरीज ४७८, रिपोर्टमध्ये ४८०, बरोबर. दुसरं, टीडीएसला कंडक्टिव्हिटीने, म्हणजे पाणी वीज किती वाहून नेतं त्या आकड्याने, भागलं की साधारण ०.५५ ते ०.७ च्या मध्ये यावं. ८३० भागिले १,३४० म्हणजे ०.६२, हेही बरोबर. हे जुळलं नाही तर एकतर टायपिंग चुकलंय किंवा सॅम्पलची अदलाबदल झालीय, तेव्हा पुढे वाचत बसू नका, आधी लॅबला विचारा.

आता नायट्रेट. रिपोर्टमध्ये आकडा १४.२ आणि समोर मर्यादा ४५, नो रिलॅक्सेशन. वरवर बघितलं तर तिसरा हिस्साही नाही, आणि म्हणूनच खालच्या वाक्यात त्याचं नाव आलं नव्हतं. पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली, क्लोराईड १४२ होतं. मर्यादा २५० म्हणून ते पासच, पण आमच्याच शेतातल्या विहिरीचा कृषी खात्याच्या योजनेत काढलेला जुना रिपोर्ट घरात होता त्यात क्लोराईड ५० च्या आत होतं. खडक तोच, अंतर फार तर अर्धा किलोमीटर. मीठ माणसाच्या आणि जनावरांच्या मुतातून जमिनीत जातं आणि पाण्यात तसंच्या तसं राहतं, त्यामुळे घराजवळच्या विहिरीत क्लोराईड वाढलेलं आणि ई. कोलायही सापडलेलं, मग नायट्रेट कमी कसं राहील? दुसरी गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक काका. सॅम्पल लॅबला गेलं त्याच आठवड्यात त्यांनी त्यांच्या फील्ड टेस्ट किटने आमचं पाणी बघितलं होतं. किटमध्ये नळीत पावडर टाकून रंग कार्डाशी जुळवतात. आमचा गुलाबी रंग ४५ च्या खणापेक्षा गडद आला होता. काका म्हणाले, ताई, किट अंदाजाचं आहे, पण एवढा फरक पडत नाही.

म्हणून परत रिपोर्ट बघितला, या वेळी आकडे सोडून बाजूचे बारीक कॉलम. पद्धतीच्या कॉलममध्ये नायट्रेटसमोर `NO3-N` असं लिहिलेलं होतं. नायट्रेट मोजायच्या दोन रीती आहेत. एकात पूर्ण नायट्रेटचं वजन सांगतात, म्हणजे `NO3`. दुसऱ्यात त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन सांगतात, ते `NO3-N`. नायट्रोजनचं वजन १४ आणि पूर्ण नायट्रेटचं ६२, म्हणून दुसऱ्या रीतीतला आकडा पहिल्या रीतीत आणायला ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३ ने गुणायचं. ४५ ही आपल्या मानकातली मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे, नायट्रोजनच्या भाषेत ती साधारण १०.२ होते. आमचं १४.२ × ४.४३ = ६२.९. म्हणजे जवळजवळ ६३ मिलिग्रॅम प्रति लिटर, मर्यादा ४५, सूट नाही. आकडा एका मापात आणि मर्यादा दुसऱ्या मापात छापली गेली होती.

खरं सांगते, तेव्हा पोटात गोळा आला. बाळ यायला थोडेच दिवस राहिले होते. लगेच लॅबला फोन केला, तिथल्या मॅडमनी सॅम्पल नंबर घेतला आणि थोड्या वेळाने स्वतःहून फोन करून सांगितलं की हो, आमचं मशीन नायट्रोजनमध्ये आकडा देतं आणि तो रूपांतर न करता टेम्प्लेटमध्ये गेलाय. त्यांनी लेखी मेल करायला सांगितला. मेलमध्ये मी भांडणाचं काही लिहिलं नाही, फक्त सॅम्पल नंबर, पान, ओळ आणि 'निकाल आणि मर्यादा एकाच मापात देऊन सुधारित रिपोर्ट द्यावा' एवढंच. १९ जुलैला सुधारित रिपोर्ट आला, नायट्रेट ६२.९, ठळक अक्षरात, पैसे वेगळे घेतले नाहीत. तुमच्या रिपोर्टवर नायट्रेट १० ते ४५ च्या मध्ये कुठेतरी असेल तर `as N` की `as NO3` हे शोधाच, कारण नेमक्या याच पट्ट्यातलं पाणी चुकून पास होतं.

६३ म्हणजे नक्की किती वाईट, हे बालरोगतज्ज्ञांना फोन करून विचारलं. मोठ्यांना यातून लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राईट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि मग रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही, ओठ-नखं निळसर दिसायला लागतात. अंगावरच्या दुधातून ही भीती जवळजवळ नाही, भीती आहे ती पावडर या पाण्यात कालवण्याची. आईने तिथेच विचारलं, उकळून दिलं तर? हा प्रश्न प्रत्येक घरात येणार म्हणून नीट लिहिते. उकळल्याने ई. कोलाय मरतात, चांगलं खळखळ उकळलं की झालं. पण नायट्रेट उडून जात नाही, पाणी उडून जातं. एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर उरलं तर ६३ चं ८४ होतं. म्हणजे बाळासाठी जास्त काळजी घेऊन जास्त वेळ उकळलं तर उलट जास्त नायट्रेट जाईल. टीसीएलचाही नायट्रेटवर काही परिणाम नाही, तुरटीचाही नाही, आणि कॅंडलवाला फिल्टरही ते अडवत नाही.

त्याच आठवड्यात एक आरओ विकणारा मुलगा दारात आला होता, खिशातला टीडीएस मीटर ग्लासात बुडवून ८३० दाखवला आणि म्हणाला हे तर विष आहे. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो. आमच्या ८३० मधले बहुतेक साधे कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे, ज्याची आम्हाला फारशी चिंता नाही. ज्याची चिंता होती ते नायट्रेट त्यात फक्त ६३, आणि ई. कोलाय तर मीटरला दिसतच नाही. टीडीएस ३०० असलेलं पाणीही बाळासाठी वाईट असू शकतं. आरओने नायट्रेट कमी होतं हे खरं आहे, पण घ्यायचाच असेल तर बसवल्यावर त्यातून निघालेल्या पाण्याचं नायट्रेट एकदा लॅबमधून बघा, मीटरवर भागवू नका.

आम्ही आरओ घेतला नाही, कारण घरात ग्रामपंचायतीचा नळ आहे. तळ्यावरच्या योजनेचं पाणी एक दिवसाआड येतं, आतापर्यंत ते फक्त भांड्यांना आणि झाडांना वापरत होतो कारण विहिरीचं पाणी गोड लागतं असं सगळ्यांचं मत. आणि इथे तो दुसऱ्या कॉलमचा 'अल्टरनेट सोर्स' शब्द परत आठवला. आमच्याकडे पर्यायी स्रोत दारातच होता, म्हणजे परमिसिबल कॉलम आमच्या विहिरीला लावायचंच कारण नव्हतं, हार्डनेसलाही नाही. नळाचं पाणी त्याच लॅबला दिलं, फक्त नायट्रेट, टीडीएस आणि जंतू, पूर्ण पॅकेज नाही, त्यामुळे हजाराच्या आत झालं. नायट्रेट ६ (या वेळी फॉर्मवरच `as NO3` लिहिलं), टीडीएस २८०, जंतू नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे ना हे जलसुरक्षक काकांनी ओटी टेस्टने दाखवलं, पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तेव्हापासून पिण्याचं आणि बाळाच्या दुधाचं पाणी नळाचं, उकळून, वेगळ्या झाकणाच्या पिंपात. वहिनी आली त्या दिवशी आईने स्वतः त्या पिंपाला लाल दोरा बांधला, चुकून कोणी विहिरीचं ओतू नये म्हणून.

राहिली विहीर. क्लोराईड, नायट्रेट आणि ई. कोलाय तिन्ही एकदम वाढलेले असले की बोट एकाच दिशेला दाखवतं, सांडपाणी किंवा शेण. खतामुळे नायट्रेट वाढतं तेव्हा ई. कोलाय सोबत असेलच असं नाही. आम्ही विहिरीभोवती फिरून बघितलं. गोठ्याचा उकिरडा विहिरीच्या वरच्या बाजूला, जेमतेम वीस फुटांवर. संडासचा शोषखड्डा दुसऱ्या बाजूला चाळीस फुटांच्या आसपास, साधारण पन्नास फूट म्हणजे १५ मीटर तरी लांब असावा असं सांगतात. आणि कठड्याच्या खाली सिमेंटला भेग, पावसाचं पाणी थेट आत. उकिरडा ऑगस्टमध्ये खालच्या अंगाला हलवला, भेग बुजवली, कठड्याभोवती उताराचा कोबा केला, गवंड्याला साहित्यासकट साडेनऊ हजार लागले. शोषखड्डा हलवणं मोठं काम आहे, ते अजून राहिलंय.

टीसीएलचा हिशोब काकांनी शिकवला. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. ३.१४ × ४ × ४ × ३ भागिले ४ केलं की ३७.७ घनमीटर येतात, म्हणजे जवळजवळ ३७,७०० लिटर. ताजी पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्यात खोल सोडून हलवायची आणि तासाभराने ओटी टेस्ट. पिवळा आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा घाण जास्त आहे, आणखी टाकावं लागतं.

१८ नोव्हेंबरला परत सॅम्पल दिलं, आधी दोन आठवडे टीसीएल बंद ठेवून, म्हणजे विहिरीची स्वतःची स्थिती कळावी. ई. कोलाय आढळले नाहीत. टोटल कॉलिफॉर्म ८, म्हणजे ती ओळ अजून नापासच, कारण तिथेही मर्यादा शून्यच आहे. क्लोराईड १४२ चं १२८. नायट्रेट ५४. उतरलंय पण ४५ च्या वरच. जंतूंचा रस्ता बंद केला की फरक लवकर दिसतो, नायट्रेट मात्र आधीच मातीत मुरलेलं असतं आणि प्रत्येक पावसाबरोबर खाली उतरत राहतं, त्याला काही पावसाळे जावे लागतील असं लॅबच्या मॅडमनीही सांगितलं. शिवाय एक आकडा जुलैचा आणि एक नोव्हेंबरचा, त्यामुळे यातली घट किती उकिरड्यामुळे आणि किती ऋतूमुळे हे आत्ता सांगता येत नाही. जुलैची तुलना जुलैशीच करायला हवी.

एक ओळ राहिली, शिशाची. तिथे आकडा नव्हता, 'बीडीएल' होतं, म्हणजे मशीनला दिसेल त्यापेक्षा कमी. चांगलं वाटतं, पण मशीनला किती कमी दिसतं हे खाली टीपेत असतं. पहिल्या रिपोर्टमध्ये तिथे ०.०५ लिहिलं होतं आणि शिशाची मर्यादा ०.०१ आहे. ०.०३ शिसं असतं तरी बीडीएलच आलं असतं, म्हणजे त्या ओळीने काहीच सिद्ध होत नव्हतं. नोव्हेंबरला विचारून घेतलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या मशीनवर ४०० रुपये जास्त घेऊन करून दिलं, बीडीएल, टीप ०.००५, आता ती खूण नि:शंक करता आली. पैसे भरायच्या आधीच लॅबला विचारा की तुमची डिटेक्शन लिमिट मर्यादेच्या खाली आहे का, आणि नायट्रेट `as NO3` देणार का.

दोन्ही रिपोर्ट एका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत, घटक, आमचा आकडा, माप, पहिला कॉलम, दुसरा कॉलम, आणि सॅम्पलच्या आदल्या आठवड्यात पाऊस होता का. पुढचं सॅम्पल जुलै २०२५ च्या पहिल्या पावसानंतर द्यायचं ठरवलं, आणि शोषखड्ड्यासाठी दादाने दोन गवंड्यांकडून भाव मागवले.